कॅम्परव्हॅनमध्ये सोलर बसवून घेताय? पलंगाखालचं प्लायवूड आधी उघडून बघा

पीथमपूरच्या कारखान्यातून निघालेली एक जुनी ट्रॅव्हलर आम्ही घेतली आणि तिची कॅम्परव्हॅन करायला इंदूरमध्येच, देवास नाक्याकडच्या एका फिटरला दिली. बिलावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: छतावर २०० वॉटचं पॅनेल, १४० अँपिअरचा बॅटरी आयसोलेटर, आणि इंजिनच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत १६ चौरस मिमीची तांब्याची केबल. गाडी हातात आली तेव्हा बॅटरी आणि सगळं वायरिंग पलंगाखाली प्लाय ठोकून बंद केलेलं होतं. "भिया, पॅक कर दिया, अब हाथ लगाने की ज़रूरत नहीं," असं त्यानं सांगितलं. फसवणूक सगळी त्या प्लायच्या आत होती.

उन्हाळाभर काहीच जाणवलं नाही. जुलैमध्ये मांडूला गेलो. दिवसभर ढग, रात्री फ्रिज चालू, आणि सकाळी इंजिन सुरू होईना. मागची बॅटरी उतरणं समजू शकतं, पण पुढची का उतरावी? इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करणं हेच तर आयसोलेटरचं काम.

माझा भाचा गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो. परत आल्यावर त्यानं प्लाय काढलं. आयसोलेटरच्या ठिकाणी एक मोठा काळा डबा होता, त्यावर १४०चं स्टिकर, आणि आत हॉर्नला लावतात तसला ४० अँपिअरचा रिले. खरा व्होल्टेज बघणारा आयसोलेटर पुढच्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण १३.३ला पोचल्यावर, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करू लागल्यावरच जोडतो. हा रिले चावी फिरवली की लगेच जोडायचा. त्यामुळे स्टार्टर फिरताना शेकडो अँपिअरची ओढ मागच्या बॅटरीवरही याच रिलेतून पडायची. अशानं त्याचे पॉइंट वितळून चिकटले होते. दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडल्या गेल्या, आणि ऊन होतं तोवर पॅनेल दोघींनाही भरत राहिलं म्हणून कळलं नाही.

"मामा, हे तर काहीच नाही, केबल बघा," भाचा म्हणाला. इंजिन चालू करून त्यानं क्लॅम्प मीटर लावला: ३० अँपिअर. मग केबलच्या दोन्ही टोकांचं व्होल्टेज घेतलं, फरक ०.८ व्होल्ट. पाच मीटरच्या खऱ्या १६ चौरस मिमी तांब्यात हा फरक ०.२ व्होल्टच्याही आत यायला हवा. केबल कापली तर जाडजूड इन्सुलेशनच्या आत तारांचा बारीकसा गुच्छ निघाला. एक तार ब्लेडनं खरवडली, वरचा तांबूस थर गेला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. भाच्याच्या हिशोबानं ती जेमतेम पाच-सहा चौरस मिमीची होती, आणि तीही तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची.

खरा धोका इथे आहे आणि तो मला सगळ्यांना कळावा असं वाटतं. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरच्या जाडीवरून ठरतो. फिटरनं १०० अँपिअरचा फ्यूज लावला होता. खऱ्या १६ चौरस मिमी तांब्याला तो शोभला असता. या केबलला तो असून नसल्यासारखा, कारण फ्यूज उडायच्या कितीतरी आधी तिचं इन्सुलेशन जळालं असतं. शिवाय फ्यूज एकच, मागच्या टोकाला. या केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे ती पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर करंट दोन्हीकडून येणार, म्हणून फ्यूजही दोन लागतात, प्रत्येक बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. आमच्या गाडीत पुढच्या बॅटरीपासून निघालेली केबल फ्यूजविना, चटईखालून, मुलं झोपतात त्या पलंगापर्यंत आली होती.

त्याच पलंगाखाली, बंद पेटीत, पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. रिले तिच्या शेजारीच बसवला होता, आणि रिलेच्या पॉइंटला प्रत्येक वेळी ठिणगी पडते. आता बॅटरी वेगळ्या झाकणबंद खोक्यात आहे, वरून नळी थेट गाडीबाहेर काढली आहे, आणि रिले व फ्यूज खोक्याच्या बाहेर आहेत.

फिटरनं पैसे परत द्यायला नकार दिला. मी कापलेल्या केबलचे, डब्याचे आणि बिलाचे फोटो एकत्र ठेवून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. बिलावर केबलचा आकार आणि 'तांबा' हे शब्द लिहून घेतले होते, म्हणून निदान तक्रार करता आली.

तुमचं काम चालू असेल तर प्लाय ठोकण्यापूर्वी केबलचा एक मीटर तुकडा मागा, सोलून नुसत्या तारा काट्यावर ठेवा. १६ चौरस मिमी तांबं मीटरला साधारण १४० ग्रॅम भरतं. आमच्या तुकड्याच्या तारा वीस ग्रॅमच्या आसपास भरल्या.