पीएचडी गाइडला पहिली मेल: अमेरिका आणि जर्मनीसाठी मजकूर वेगळा का?

भूजलात एमएस्सी केलेली एक विद्यार्थिनी धरा. प्रबंधासाठी तिने बेसाल्टमधल्या 22 विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजली आहे. तीच मेल ती दोन्ही देशांत पाठवते आणि फसते, कारण दोन्हीकडे प्रवेशाची किल्ली वेगळ्या हातात असते.

अमेरिकेत प्रवेश सहसा विभागाची समिती देते. ‘मला घ्याल का?’ याला प्राध्यापक हो म्हणूच शकत नाहीत. विचारायचं ते एवढंच: येत्या फॉलसाठी तुम्ही नवा विद्यार्थी घेणार आहात का? अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरात संपते, म्हणून मेल सप्टेंबर-ऑक्टोबरात जावी. विषयाची ओळ अशी:

```
Fall 2027 PhD inquiry: recharge in basalt aquifers
```

मजकूर दीडशे-दोनशे शब्द, सोबत फक्त सीव्ही. जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांत पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन असतं आणि गाइड त्यानंतर ठरतो. विभागाच्या पानावर ‘रोटेशन’ दिसलं, तर या मेलवर फार वेळ घालवू नका.

जर्मनीत पारंपरिक मार्गाने जायचं तर आधी प्राध्यापकाचा होकार, मग विद्यापीठात नोंदणी. इथे मेलला खरं वजन आहे. पण होकार म्हणजे पगार नव्हे. ‘जागा आहे का?’ एवढंच विचारलं, तर तुम्हाला मार्गदर्शन हवंय की पगारी नोकरी, हेच समोरच्याला कळत नाही. शिष्यवृत्तीला अर्ज करणार असाल तर तसं लिहा, पगारी जागा हवी असेल तर तसं. जाहिरात निघाली असेल तर तिचा क्रमांक विषयातच टाका. सीव्ही, गुणपत्रकं आणि एक-दोन पानांचा संशोधन आराखडा, सगळं एकाच पीडीएफमध्ये. अर्ज पोर्टलवरून घेणाऱ्या ग्रॅज्युएट स्कूलला मात्र पोर्टलच गाठावं लागतं.

दोन्हीकडे निकाल लागतो तो दुसऱ्या परिच्छेदावर. ‘तुमचं संशोधन फार आवडलं’ हे वाक्य कुणालाही चिकटतं. त्याऐवजी तिने लिहावं: ‘तुमच्या पेपरमध्ये पुनर्भरण सच्छिद्र खडकासाठी मोजलंय. माझ्या 22 विहिरींत पाणी भेगांतून उतरतं, शेजारच्या दोन विहिरींची पातळीही जुळत नाही. तिथे ही पद्धत टिकेल का?’ हे लिहायला पेपर खरंच वाचलेला लागतो, आणि वाचणाऱ्याला तेवढं लगेच कळतं.

‘रिस्पेक्टेड सर’ ही आपली खास सवय. समोर बाई असल्या की तिथेच घात. अमेरिकेत ‘डिअर प्रोफेसर’, जर्मनीत ‘डिअर प्रोफेसर डॉक्टर’ आणि पुढे आडनाव. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर त्याच धाग्यात दोन ओळींची एकच आठवण पाठवा. अमेरिकेत त्यानंतरही शांतता असली तरी अर्ज भरा, समिती तो वाचतेच. जर्मनीत मात्र दुसरा गाइड शोधायला घ्या.