रंगीत कॅनव्हासचे तागे: सात महिन्यांचा वापर आणि एका तक्रारीची हकिकत

आम्ही खांद्याच्या पिशव्या शिवतो. त्यासाठी लागणारा 12 औंसांचा गडद निळा सुती कॅनव्हास गेले सात महिने एकाच पुरवठादाराकडून घेते आहे. कापडाबद्दल आधी सांगते. वीण घट्ट आहे, जाड शिवणीतही सुई अडत नाही आणि रोज वापरल्या जाणाऱ्या पिशव्यांचे कोपरे अजून विरलेले नाहीत. पण हा अनुभव लिहायला बसले ते पहिल्याच मालात निघालेल्या शेडच्या दोषामुळे. तो दोष पुरवठादाराला पटवून देताना मी आधी चुकले, मग सुधारले. कापड विकत घेणाऱ्या कुणालाही यातलं काही उपयोगी पडेल असं वाटतं.

पहिली ऑर्डर 20 ताग्यांची होती, प्रत्येक ताग्यात 50 मीटर. माल आला त्या दिवशी तागे मोजले, पन्हा मोजला, दोन तागे उलगडून भोकं आणि गाठी पाहिल्या. सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी कटिंग सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तयार पिशव्या बाहेर उन्हात ठेवल्या, तेव्हा शिलाई करणाऱ्या सहकारी म्हणाल्या, "ताई, हा खिसा वेगळ्या कापडाचा लावलाय का?" पिशवीचा मुख्य भाग गडद होता आणि खिसा त्याहून फिकट, किंचित जांभळट. आत ट्यूबलाइटखाली हाच फरक जवळजवळ दिसत नव्हता.

मग ताग्यांवरची लेबलं पहिल्यांदा नीट वाचली. 12 तागे एका लॉटचे होते आणि 8 दुसऱ्या. रंगाईच्या भाषेत लॉट म्हणजे एका वेळी एका रंगात रंगवलेलं कापड. दोन लॉट कधीच अगदी तंतोतंत सारखे येत नाहीत, थोडा फरक चालवून घ्यावा लागतो. पण इथे फरक फक्त गडद-फिकटाचा नव्हता. एका उजेडात सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात, त्याला मेटामेरिझम म्हणतात. दोन लॉटसाठी रंगांचं मिश्रण वेगळं वापरलं गेलं की असं होतं. त्यामुळे आतल्या खोलीत तपासून कापड पास केलं ही माझी चूक होती, हे मान्य करते.

त्याच दुपारी घाईत मोबाइलवर तीन फोटो काढून पाठवले आणि खाली लिहिलं, "माल खराब आहे, बदलून द्या." उत्तर तासाभरात आलं: "ताई, फोटोत रंग उजेडाप्रमाणे बदलतो. आम्हाला तर सारखाच वाटतोय." तेव्हा राग आला, पण फोटो पुन्हा पाहिले तर त्यांचं म्हणणं खरं होतं. मी दोन लॉटचे फोटो वेगवेगळे काढले होते. कॅमेरा प्रत्येक फोटोत उजेड आणि पांढरा रंग स्वतःच जुळवून घेतो, त्यामुळे फिकट कापड गडद दिसत होतं आणि गडद कापड फिकट. त्या फोटोंनी माझी बाजू सिद्ध होत नव्हती, उलट कमकुवत होत होती.

पाचव्या दिवशी नव्याने पुरावा गोळा केला. बिलावर तक्रारीसाठी सात दिवसांची मुदत छापलेली होती, म्हणून उशीर परवडणारा नव्हता. त्याच बिलावर "कापलेल्या मालाची तक्रार ऐकली जाणार नाही" असंही होतं, त्यामुळे कटिंग तर तिसऱ्या दिवशीच थांबवलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचा फोटो दोन्ही लॉट एकाच चौकटीत असलेला होता. दोन्ही कापडं सावलीत, मोकळ्या आकाशाच्या उजेडात शेजारी-शेजारी पसरली. ताण्याची दिशा दोन्हींची एकच ठेवली, कारण कापड फिरवलं की प्रकाश वेगळा परततो आणि तोच रंग बदललेला भासतो. मध्ये एक कोरा पांढरा कागद ठेवला, म्हणजे फोटोत पांढरा रंग पांढराच आहे हे बघणाऱ्याला कळतं. फ्लॅश बंद केला, स्क्रीनवर बोट दाबून धरून उजेड लॉक केला आणि फोटोवर कुठलीही दुरुस्ती केली नाही. दोन्ही कापडांच्या कडेला त्या-त्या ताग्याचं लेबल ठेवलं होतं, लॉट क्रमांक वाचता येईल असं. त्याशिवाय प्रत्येक सदोष ताग्याच्या लेबलाचा जवळून एक फोटो आणि न उघडलेल्या ताग्यांच्या रांगेचा एक. फोटो नेहमीसारखे चॅटवर पाठवले की ते दाबले जातात आणि काढल्याची तारीख, वेळ वगैरे माहिती गळून पडते, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून ईमेलला जोडल्या.

तरीही फोटोला मर्यादा आहे. तो फरक आहे एवढंच दाखवतो, फरक किती आहे हे सांगत नाही. त्यासाठी दोन्ही लॉटचे 10 × 10 सेंटिमीटरचे तुकडे कापून कागदावर स्टेपल केले, लॉट क्रमांक आणि तारीख लिहिली, एक जोडी पाठवली आणि तशीच एक स्वतःकडे ठेवली. त्यांच्या प्रयोगशाळेत ग्रे स्केलवर हे तुकडे ताडता येतात. त्या पट्टीवर 5 म्हणजे फरक नाही, आणि खाली 1 पर्यंत फरक वाढत जातो.

पत्रात नेमकं काय लिहिलं ते इथे देते:

"आपल्या बिलानुसार मिळालेल्या 20 ताग्यांपैकी (1000 मीटर) 12 तागे एका लॉटचे व 8 तागे (400 मीटर) दुसऱ्या लॉटचे आहेत. दोन लॉटमध्ये दिवसाच्या उजेडात स्पष्ट शेडफरक आहे. फोटो 1 मध्ये दोन्ही लॉट एकत्र, फोटो 2 ते 9 मध्ये दुसऱ्या लॉटच्या आठही ताग्यांची लेबलं व फोटो 10 मध्ये न उघडलेले तागे आहेत. तुकडे वेगळे पाठवले आहेत. दुसऱ्या लॉटपैकी 6 तागे (300 मीटर) न उघडलेले आहेत, एका ताग्यात 32 मीटर शिल्लक आहे आणि 68 मीटर कापले गेले आहे. कटिंग तिसऱ्या दिवशी दोष दिसताच थांबवले. आमची मागणी: 332 मीटर परत घेऊन पहिल्या लॉटचे कापड द्यावे, तसे शक्य नसल्यास क्रेडिट द्यावे. 68 मीटरचेही क्रेडिट द्यावे. माल परत नेण्याचा खर्च आपल्याकडे राहील. कृपया तीन दिवसांत कळवावे."

पत्रात किती उघडलं, किती कापलं हे मी लपवलं नाही. मीटरचे आकडे आधीच बरोबर असले की नंतर वाद घालायला जागा उरत नाही.

दोन दिवसांनी त्यांच्या गुणवत्ता तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचा फोन आला. तुकडे त्यांनी ग्रे स्केलवर पाहिले होते. 3-4 आला, आणि त्यांच्या स्वतःच्या नियमात 4-5 च्या खालचा लॉट एका गिऱ्हाइकाला मिसळून जाऊ नये. चूक त्यांनी सरळ कबूल केली. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात मोलाचं वाटतं. ते म्हणाले, "ताई, बदली माल मागताय खरं, पण पहिल्या लॉटचं कापड आता शिल्लक नाही. नवीन रंगवून दिलं तर तो तिसरा लॉट असेल. तो पहिल्याशी जुळेलच अशी हमी मी देऊ शकत नाही."

मी तोवर बदली मालाचाच आग्रह धरून होते. हे ऐकल्यावर लक्षात आलं की शेडच्या दोषात बदली माल घेणं म्हणजे तोच त्रास पुन्हा घरी आणणं ठरू शकतं. भोक पडलेला किंवा डाग लागलेला तागा बदलून घेतला की प्रश्न संपतो. शेडचा प्रश्न मात्र जुन्या मालाशी जुळण्याचा असतो. म्हणून 332 मीटरचं क्रेडिट घेतलं आणि पहिल्या लॉटचे 12 तागे वेगळ्या पिशव्यांसाठी राखून ठेवले.

कापलेल्या 68 मीटरवर बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, लेबल न वाचता कापलं ही तुमची जबाबदारी. माझं म्हणणं, दोन लॉट मिसळून पाठवताना तुम्ही एक शब्द कळवला नाही. शेवटी 34 मीटरचं क्रेडिट ठरलं. शिलाईची मजुरी मिळाली नाही, ती मी मागितलीही नव्हती. मला हा निकाल न्याय्य वाटला. क्रेडिट नोट 16 दिवसांनी आली, आणि तिच्यात शिल्लक 32 मीटर धरलेच नव्हते. पत्रातला आकडा दाखवल्यावर एका दिवसात दुरुस्त झाली. क्रेडिट नोट आली म्हणजे काम झालं असं समजू नका, ओळ न् ओळ ताडून पाहा.

त्यानंतर आणखी पाच वेळा माल घेतला आहे. एकदाच तक्रार करावी लागली. चौथ्या खेपेत दोन ताग्यांत काठाजवळचा भाग मधल्या भागापेक्षा फिकट होता. रंग पिळणाऱ्या रोलरांचा दाब पन्ह्यावर सारखा नसला की हे होतं. तपासायला सोपं आहे: पूर्ण पन्ह्याची एक पट्टी कापून डावा काठ, मध्य आणि उजवा काठ असे तीन तुकडे करायचे आणि काठ मध्याला चिकटवून ठेवायचा. त्या तीन तुकड्यांचा एकच फोटो पाठवला. या वेळी त्याच लॉटचं कापड गोदामात शिल्लक होतं, म्हणून बदली माल मागितला, आणि सहा दिवसांत दोन तागे आले. जुळले.

आता ऑर्डरमध्येच लिहिते की सर्व तागे एका लॉटचे असावेत, आणि तसे नसतील तर रवाना करण्याआधी दोन्ही लॉटचे तुकडे पाठवावेत. त्यांनी हे मान्य केलं आहे. आल्या दिवशी प्रत्येक ताग्याच्या टोकाचा तुकडा खिडकीपाशी एकमेकांशेजारी लावते, लेबलांचे फोटो काढते, आणि एका पिशवीचे सगळे भाग एकाच ताग्यातून कापायला सांगते. कापडाला पैकीच्या पैकी गुण देईन. पहिल्या तक्रारीला दिलेल्या उत्तराला कमी, कारण फोटो अपुरे होते तरी नीट फोटो कसे काढायचे हे त्यांनी त्याच वेळी सांगायला हवं होतं. नंतरच्या पत्राला त्यांनी ज्या प्रामाणिकपणे उत्तर दिलं, त्यामुळे आजही त्यांच्याकडूनच माल घेते.