बातमीचा राग आणि दुकानाचे तारे: पुसावेत, गोठवावेत की वगळावेत?

बडोद्यातल्या दांडिया बाजारात सेव-उसळीचं एक दुकान आहे असं धरू. गूगल मॅप्सवर ४०० रेटिंग, सरासरी ४.५, आणि महिन्याला साधारण २० नव्या रेटिंगची भर. मालकाच्या मुलानं एका तापलेल्या बातमीवर काहीतरी लिहिलं, त्याचा स्क्रीनशॉट फिरला आणि दोन दिवसांत १५० जणांनी एकेक तारा देऊन टाकला. उसळ तीच आहे, तिच्यावरची तर्रीही तीच आहे. सरासरी मात्र ३.५ वर आली.

आता मालकापुढे सरळ प्रश्न आहे की काय करायचं. घरचे लोक पहिल्यांदा जे सुचवतात ते म्हणजे थांबणं: राग ओसरेल, चांगली रेटिंग येत राहतील, आकडा आपोआप वर जाईल. हे गणित करूनच पाहावं. पुढची सगळी रेटिंग पूर्वीसारखीच ४.५ च्या सरासरीनं आली, तर ४.४ गाठायला ४,७०० नवी रेटिंग लागतील. महिन्याला २० च्या वेगानं त्याला साडेएकोणीस वर्षं जातील. छोट्या दुकानाला नुसतं थांबणं परवडत नाही ते यामुळे. ज्याच्याकडे आधीच लाखभर रेटिंग आहेत त्याला १५० एक-तारे जाणवतही नाहीत.

दुसरा सल्ला मित्रमंडळींचा: आपणही पाच-पाच तारे टाकू. ४.४ साठी असे जवळपास ७८३ लागतील, आणि ते देणारेही दुकानात न आलेलेच असतील. गूगलच्या नियमात दोन्ही बाजूंची खोटी रेटिंग एकाच खात्यात बसतात. ती पकडली गेली तर दुकानाला नवी रेटिंग घेणं काही काळ बंद होऊ शकतं आणि पानावर इशाराही झळकू शकतो. शिवाय खरा हल्ला कुठला आणि बचाव कुठला, हे तपासणाऱ्याला कळेनासं होतं. हा मार्ग मी कुणालाच सुचवणार नाही.

उरतो तक्रारीचा मार्ग. तो कंटाळवाणा आहे, पण तोच धरावा. आधी पुरावा गोळा करायचा. हल्ल्याची खूण एकट्या रिव्ह्यूत दिसत नाही, ती तारखांत दिसते. महिन्याला २० येणाऱ्या ठिकाणी ४८ तासांत १५०, त्यातले बहुतेक एकच तारा, फोटो नाही, उसळ, पाव, चव, बिल यांचा उल्लेख नाही आणि मजकुरात ती बातमी. असे स्क्रीनशॉट तारखांसकट ठेवून प्रत्येक रिव्ह्यू बिझनेस प्रोफाइलमधून रिपोर्ट करायचा. बातमीबद्दलचा मजकूर असेल तर कारण ‘विषयाशी संबंध नाही’ हे निवडावं, कारण गूगल मॅप्सचं धोरण स्पष्ट आहे: रिव्ह्यू त्या जागेच्या प्रत्यक्ष अनुभवाचा असावा, राजकीय-सामाजिक टीका-टिप्पणीचा नव्हे. निकालाला काही दिवस जातात. नकार आला तर अपील एकदाच करता येतं, म्हणून ते घाईत वापरू नये.

गाडी अडते ती बिनशब्दी ताऱ्यांपाशी. नुसता एक तारा असेल तर त्यात विषयाबाहेरचं काय, हे दाखवायचं कसं? उसळ खाऊन रोख पैसे दिलेल्या गिऱ्हाइकाचाही गूगलकडे पुरावा नसतो, त्यामुळे ‘हा आलाच नव्हता’ हेही मालकाला सिद्ध करता येत नाही. अशा ताऱ्यांचा निवाडा एकेक करून होऊच शकत नाही. तो दिवसांचा गठ्ठा पाहूनच करावा लागतो, आणि ते काम फक्त प्लॅटफॉर्म करू शकतो.

प्लॅटफॉर्म हे तीन तऱ्हांनी करतात. पहिली तऱ्हा पुसण्याची. मे २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर यूट्यूबच्या चाहत्यांचा राग उसळला, प्ले स्टोअरवरचं रेटिंग दीडच्याही खाली गेलं आणि गूगलनं लाखो रिव्ह्यू काढून टाकले. आकडा सावरला. पण त्या रागात ॲपवरच्या आक्षेपार्ह व्हिडिओंबद्दलच्या तक्रारीही मिसळल्या होत्या, म्हणजे थेट ॲपबद्दलच्याच. कुठल्या गेल्या आणि का गेल्या, हे बाहेरच्या माणसाला तपासता आलं नाही.

दुसरी तऱ्हा गोठवण्याची. एखादा व्यवसाय बातमीत आला की अमेरिकेतलं रिव्ह्यूंचं संकेतस्थळ येल्प त्याच्या पानावर सूचना लावतं, नवे रिव्ह्यू तात्पुरते थांबवतं आणि बातमीपोटी आलेले, बाजूचे असोत वा विरोधी, काढून टाकतं. ट्रिपॲडव्हायझरही रिव्ह्यू थांबवतं. रक्तस्राव लगेच थांबतो हा मोठा फायदा. तोटा असा की त्या आठवड्यात खरोखर शिळी उसळ मिळालेल्या गिऱ्हाइकाचंही तोंड बंद होतं.

तिसरी तऱ्हा खेळ विकणाऱ्या स्टीमची, मार्च २०१९ पासूनची. रिव्ह्यूंची अचानक उसळी यंत्रणा टिपते, मग माणसं तपासतात. राग विषयाबाहेरचा ठरला तर तेवढा कालखंड आलेखावर खूण करून गुणांकनातून वगळला जातो. रिव्ह्यू जागेवरच राहतात, वाचता येतात, आणि ज्याला तेही धरून गुण पाहायचे असतील त्याला सेटिंग बदलता येते. त्या दिवसांतले प्रामाणिक रिव्ह्यूही मोजणीतून जातात, हा दोष स्टीमनं स्वतःच मान्य केला होता. तरी मला हीच तऱ्हा सर्वांत न्याय्य वाटते. कुणाचं बोलणं पुसलं जात नाही आणि आकड्याचा अर्थही शाबूत राहतो. नकाशावरच्या दुकानांनाही हेच हवं आहे: ते दोन दिवस बाजूला ठेवा, आणि ठेवलेत हे सगळ्यांना दिसू द्या.

मालकानं तसं लिहिलं असेल तर लोकांनी रागावू नये का? जरूर रागवावं, दुकानात जाऊ नये, उघड लिहावं. पण तारा वाचणारा माणूस ‘इथे उसळ कशी मिळते’ एवढंच विचारत असतो, आणि त्याला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं जातं. त्यात गर्दीचा नेमही चुकतो. २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखानं भारताला गरीब म्हटल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्यानं केला होता. कंपनीनं तो नाकारला, पण एक-ताऱ्यांची लाट आली आणि नावातल्या साम्यामुळे स्नॅपडीललाही तिचा फटका बसला. हीच स्नॅपडील २०१५ मध्ये आमिर खान तिचा जाहिरातीचा चेहरा असल्यामुळे, त्याच्या एका विधानापायी झोडपली गेली होती.

म्हणून दांडिया बाजारातल्या मालकाला माझं सांगणं असं. पहिले दोन दिवस कुणालाही उत्तर देऊ नका. उत्तर दिलं की समोरच्याला सूचना जाते आणि वाद पुन्हा पेटतो. पुरावा जमवा, मजकुराचे रिव्ह्यू आधी रिपोर्ट करा, बिनशब्दी नंतर. बाजूनं आलेले अनोळखी पाच तारेही रिपोर्ट करा, तक्रारीला वजन येतं. आणि त्या १५० मध्ये ‘पाव कडक होता, तर्री पुन्हा मागितली तर दिली नाही’ असं कुणी लिहिलं असेल, तर तो बाजूला काढा. त्याला रिपोर्ट करू नका, नाव घेऊन उत्तर द्या.