मुहूर्ताचं बिल की घरपोच तारीख? मुदत कुठून मोजायची

दसऱ्याला वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलंय, पण दुकानातून की ऑनलाइन हे ठरत नसेल, तर किमतीइतकीच तारखांचीही तुलना करा.

ऑनलाइनमध्ये दोन घड्याळं चालतात. परतीची मुदत बहुधा माल हाती पडल्यापासून, तर वॉरंटी बहुतेक कंपन्यांची बिलाच्या तारखेपासून. समजा २ ऑक्टोबरला ऑर्डर दिली, ३ तारखेचं बिल निघालं, ८ ला मशीन आलं आणि ११ ला माणूस येऊन बसवून गेला. परतीची मुदत सात दिवसांची. आपण मनात ११ पासून मोजतो आणि १८ पर्यंत निवांत राहतो. खरी मुदत १४ किंवा १५ लाच संपते. १४ की १५, हे ८ तारीख धरायची की नाही यावर ठरतं. कायद्यातली मुदत मोजताना साधारणपणे पहिला दिवस सोडतात, पण विक्रेत्याच्या अटींचा हिशेब वेगळा असू शकतो, म्हणून १४ हाच शेवटचा दिवस समजा. तुम्ही गावी असताना वॉचमनने खोकं उतरवून घेतलं, तरी नोंद ८ चीच होते.

खरी फसगत मात्र पुढे आहे. मशीन गळतंय म्हणून १२ ला कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. टेक्निशियन १४ ला आला, पाइप आवळून गेला, १६ ला पुन्हा पाणी. आता अ‍ॅपमध्ये परतीचं बटणच नाही. कंपनीकडची तक्रार दुरुस्तीच्या खात्यात गेली, विक्रेत्याकडे परतीची मागणी कधी नोंदलीच गेली नाही. म्हणून पहिल्याच गळतीला अ‍ॅपमध्ये परतीची किंवा बदलून देण्याची मागणी टाका आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा. टेक्निशियन नंतर आला तरी चालेल.

दुकानात बिल आणि माल एकाच दिवशी, त्यामुळे मोजदाद सोपी. बिलावर परतीची मुदत लिहिलेलीच नसेल, तरी सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. रंग आवडला नाही, हे कारण त्यात बसत नाही.

पण मुहूर्त साधायला दसऱ्याला बिल फाडलं आणि नव्या फ्लॅटचा ताबा जानेवारीत मिळाला, तर दुकानाचा हा फायदा गेला. वर्षाच्या वॉरंटीतले तीन महिने मशीन गोदामातच संपवतं. आणि पुढच्या दसऱ्याच्या भरवशावरही राहू नका, तिथी सरकते: २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, २०२६ चा २० ला. तोवर वॉरंटी संपलेली.

माझं मत: मशीन लगेच बसवणार असाल तर दुकान बरं. ताबा लांब असेल तर मुहूर्ताला फक्त बुकिंगची पावती घ्या. पक्कं बिल, सीरियल नंबरसकट, माल घरी येईल त्या दिवसाचं मागा. भाव आजचाच राहील, एवढं पावतीवर लिहून घ्या.