मुलीचा पहिला फोन, आठ महिन्यांनंतर: सगळा घोळ ‘दुसऱ्या कॉल’चा

लेक सहावीत गेली आणि संध्याकाळच्या क्लासमुळे तिला फोन देणं भागच पडलं. मुलांची स्मार्टवॉच पाहिली होती. मनगटावरच्या खेळण्यासाठी इतके हजार मोजायची माझी तयारी नव्हती, म्हणून माझाच जुना अँड्रॉइड साफ करून दिला. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नावावर सिम मिळत नाही, त्यामुळे तेही माझ्याच नावावर घेतलं. रिचार्ज फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा मारला. इंटरनेट नसलेले असे पॅक ठेवणं ट्रायने 2024 च्या अखेरीस कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, मागावे लागतात.

मला हवं होतं एवढंच, की ठरलेल्या आठ जणांचेच फोन वाजावेत. आम्ही दोघं, आजी, मावशी, शेजारच्या काकू, व्हॅनवाले काका, शाळा आणि क्लास. आधी फोन ॲपमधलं Unknown हे बटण चालू केलं आणि शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलाच्या मोबाइलवरून फोन लावायला सांगितला. तो नंबर यादीत नव्हता, तरी खणखणीत वाजला. हे बटण नंबर लपवून केलेलेच कॉल अडवतं. नंबर दिसतोय पण आपल्या यादीत नाही, अशा कॉलशी त्याचा संबंध नाही. पुष्कळ आईबाबा हेच बटण दाबून निश्चिंत होतात, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

खरा उपाय निघाला Do Not Disturb. त्यात कॉलसाठी Starred contacts निवडायचं, त्या आठ जणांना तारा द्यायचा आणि ही सोय कायम चालू ठेवायची. बाकीचे कॉल येतात, पण आवाज होत नाही, मिस्ड कॉलमध्ये दिसतात. शाळेच्या बाबतीत एक काळजी घ्या. डायरीत छापलेला नंबर आणि शाळेतून फोन आल्यावर दिसणारा नंबर वेगळा असू शकतो. आमच्या शाळेचा तसाच निघाला. ऑफिसातल्या बाईंना तिथूनच एक रिंग द्यायला सांगितली आणि जो नंबर दिसला तो शाळेच्याच नावाखाली जोडला. तारा नावाला असतो, त्यामुळे एका नावाखाली दोन-तीन नंबर ठेवले तरी सगळे वाजतात.

पहिले दोन आठवडे मी अगदी खूश होते. मग एके दिवशी रात्री साडेआठला फोन वाजला. लेकीने उचलला, तर पलीकडचा माणूस कुणा भलत्याच गृहस्थाचं नाव घेऊन दरडावत होता, “त्याला फोन दे, हप्ता कधी भरणार?” पोर घाबरून रडायला लागली. यादीत नसलेला नंबर वाजलाच कसा, हे शोधताना त्याच पानावर Allow repeat callers हे बटण सापडलं. माझ्या फोनवर ते आधीपासूनच चालू होतं. त्याच नंबरावरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल आला, की तारा असो वा नसो, फोन वाजतो. आणि वसुलीवाले लागोपाठच फोन करतात. मिस्ड कॉलची यादी उघडली तर तिथे अनोळखी नंबरांची रांगच होती. वेगवेगळ्या नंबरांवरून आलेले कॉल गप्प राहिले होते, एकाच नंबरावरून पाठोपाठ आलेला तेवढा वाजला.

मुळात हे कॉल आले कारण नंबर ‘नवा’ नव्हताच. बंद पडलेला नंबर किमान 90 दिवस तसाच ठेवतात आणि मग पुन्हा विकायला काढतात. आधीच्या मालकाची थकबाकी आमच्या पोरीच्या वाट्याला आली. 1909 वर `START 0` पाठवून जाहिराती बंद केल्याच होत्या, पण वसुलीचा कॉल म्हणजे जाहिरात नव्हे, तो त्याने थांबत नाही. पुढचा कॉल मीच घेतला, कर्ज कुठल्या कंपनीचं ते विचारून घेतलं आणि तिच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. सिम माझ्या नावावर कधीपासून आहे त्याचा पुरावा जोडला. कर्जदाराला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे, तेही लिहिलं. दोन आठवडे उत्तर नाही. दुसऱ्या मेलनंतर मात्र कॉल थांबले. अजूनही आठवलं की डोकं तापतं. मुलांसाठी सिम घेणार असाल तर आधी महिनाभर ते आपल्या फोनमध्ये वापरा. आधीच्या मालकाला शोधणारे जे कोणी असतील ते तेवढ्यात कळतात.

दुसऱ्या कॉलचं ते बटण मी तेव्हाच बंद केलं होतं. हा अनुभव तेव्हा लिहिला असता तर तुम्हालाही तेच सांगितलं असतं. जुलैतल्या एका संध्याकाळी मत बदललं. वारज्याजवळ सर्व्हिस रोडच्या पाण्यात व्हॅन बंद पडली, काकांचा मोबाइल भिजला. व्हॅनमधल्या कागदावर मुलांचे नंबर होते. त्यांनी एका रिक्षावाल्याच्या फोनवरून लेकीला दोनदा फोन केला, “क्लासच्या आतच थांब” एवढं सांगायला. दोन्ही कॉल गप्प गेले. मग मला केला, तर मी स्कूटरवर, मला कळलं नाही. ती पाऊण तास फाटकापाशी भिजत उभी होती. खरी अडचण आली की ओळखीचा माणूस परक्या फोनवरूनच बोलतो, आणि गरज असल्यामुळे लगेच पुन्हा लावतो. बटण त्या रात्रीच चालू केलं.

मात्र आता फोन वाजला तरी माणूस यादीतलाच असेल असं नाही, म्हणून लेकीला नियम घालून दिले. स्क्रीनवर नाव नसेल तर उचलून फक्त “कोण बोलतंय?” म्हणायचं. आपलं नाव, शाळा, घरी कोण आहे, काही सांगायचं नाही. समोरच्याने आमचा परवलीचा शब्द सांगितला तरच पुढे बोलायचं. आवाज ओळखीचा वाटला तरी शब्द विचारायचाच, कारण आता आवाजाचीही नक्कल करता येते. शब्द नाही मिळाला तर फोन ठेवून मला लावायचा. मिस्ड कॉलवर उलट फोन कधीच करायचा नाही. हा शेवटचा नियम फोन स्वतः पाळून घेत नाही, Do Not Disturb बाहेर जाणारे कॉल अडवत नाही. शब्द लेकीनेच निवडलाय आणि त्या आठ जणांना तोंडी सांगितलाय, कुणालाही मेसेजवर पाठवलेला नाही. काका परक्या फोनवरून बोलताना तो विसरतील ही भीती होती, म्हणून शेजारच्या काकूंच्या मुलाच्या मोबाइलवरून त्यांच्याकडून एकदा तालीम करून घेतली. दुसरी रिंग वाजली, तिने विचारलं, काकांनी बरोबर सांगितला.

तक्रार एकच उरलीय. ती पंधरा मिनिटं कमीजास्त करता येत नाहीत. बहिणीच्या आयफोनवर हीच सोय तीन मिनिटांची आहे, आणि मुलांच्या फोनसाठी मला तीच बरी वाटते. अडचणीतला माणूस तीन मिनिटांत पुन्हा लावतोच. पंधरा मिनिटांत कुठलाही विक्रेता दुसरी फेरी मारू शकतो, आणि गेल्या महिन्यात क्रेडिट कार्डवाल्या बाईंनी मारलीही. लेकीने “कोण बोलतंय?” विचारलं, शब्द मिळाला नाही, फोन ठेवला आणि मला लावला.