फ्रिजवरचा कागद : आठ महिन्यांनंतर

ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या घरी सासूबाईंजवळ दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी असतात. त्या सुट्टीवर गेल्या की ब्युरोतून बदली ताई येते. दोघींसाठी मी एक कागद लिहून फ्रिजवर लावला. आठ महिन्यांत तो तीनदा बदलला, आणि त्याला कारण एकच गोळी, रक्तातली साखर कमी करणारी ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ.

पहिल्या कागदावर मी लिहिलं होतं, 'सकाळी ८ वाजता, नाश्त्याआधी, शुगरची गोळी.' बदली ताईने ८ वाजता गोळी दिली. नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. आईंनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि चंद्रोदयापर्यंत काही खाणार नाही म्हणाल्या. ११ वाजता त्या ताईला आपल्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागल्या. ब्लाउज पाठीवर घामाने भिजला होता. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५२. ताईने मला फोन करून विचारलं, "शुगर कमी आहे, मग शुगरची गोळी देऊ का?" माझ्या अंगावर काटा आला. चूक तिची नव्हती, माझ्या शब्दांची होती.

फोनवरच तिला अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून घोट घोट पाजायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी आकडा ७८ झाला. मग दूध-पोहे दिले आणि डॉक्टरांना कळवलं. या गोळीचा असर दिवसभर टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्यांनी संध्याकाळपर्यंत वरचेवर तपासायला सांगितलं.

आता कागदावर असं आहे : 'ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ, शुगर कमी करणारी गोळी. नाश्त्याची ताटली समोर आल्यावरच द्यायची. आई जेवणार नसतील, उलटी झाली असेल किंवा उपवास असेल तर द्यायची नाही, आधी मला फोन.' घड्याळाची वेळ काढून टाकली. गोळीचा रंगही लिहिलेला नाही, कारण कंपनी बदलली की रंग बदलतो. नाव पाकिटावरून जुळवून घ्यायचं.

धोक्याच्या खुणांमध्ये घाम आणि असंबद्ध बोलणं सगळ्यात वर आहे. आधी मी थरथर वर लिहिली होती. पण आईंना बीपीसाठी अटेनोलॉल चालू आहे, आणि त्या गोळीने थरथर व धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. हे डॉक्टरांनीच लक्षात आणून दिलं. खाली लाल शाईत : 'आकडा ७० च्या खाली, साखरपाणी. हाकेला ओ देत नसतील, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८.'

दर वेळी नवा कागद लावण्याआधी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला वाचायला देते आणि विचारते, "आईंनी नाश्ता नको म्हटलं तर तू काय करशील?" दुसऱ्या कागदाच्या वेळी ती म्हणाली होती, "गोळी दुपारच्या जेवणासोबत देईन." तेव्हा 'आधी मला फोन' हे शब्द आत आले.