बेकऱ्यांचा नकाशा: किंमत-दर्जा की टिकाऊपणा-पोहोच?

पुण्यातल्या बेकऱ्यांचे स्पर्धक-गट, म्हणजे सारख्या पद्धतीने धंदा करून एकमेकींशी थेट लढणाऱ्या बेकऱ्या, दोन अक्षांच्या नकाशावर वर्तुळांनी मांडताना बहुतेक जण किंमत आणि दर्जा हे अक्ष घेतात. पण दोन्ही एकत्रच वाढतात, म्हणून सगळी वर्तुळं एका तिरक्या रेषेवर येतात आणि उरलेले कोपरे उगाचच ‘संधी’ वाटतात.

त्यापेक्षा माल किती दिवस टिकतो आणि किती दूरवर विकला जातो, हे अक्ष मला जास्त पटतात. कॅम्पातल्या कयानीची श्रूजबेरी बिस्किटं टिकाऊ, पण त्यांसाठी लोक दुकानापर्यंत येतात. मॉन्जिनिसचा केक नाजूक, दुकानं मात्र गावोगावी. ब्रिटानिया टिकाऊ आणि देशभर. गल्लीतल्या भट्टीचा पाव त्याच दिवसाचा, गिऱ्हाईकही आसपासचंच. म्हणजे भट्टीची खरी लढत पलीकडच्या भट्टीशी. (कयानीची कदाचित बाकरवडीशी, परगावी न्यायचा खाऊ दोन्हीकडे!)

ताजा पाव शहरभर पोचवणारा कोपरा रिकामा दिसतो, पण तिथे न खपलेला माल परत घ्यावा लागतो आणि नफा त्यातच जातो. आठवडाभर टिकणारी खारी आणि टोस्ट दहा-वीस किलोमीटरमधल्या किराणा दुकानांत ठेवणं मात्र छोट्या बेकरीला जमण्यासारखं आहे. आधी तिथल्या फळीवर कोणाची पाकिटं आहेत ते बघा.